एका माणसाचे तीन मायने

शालिग्राम गुरुजींच्या कोटाच्या खिशात एक झरणी आणि एक लाल पेन्सिल असे. झरणीची शाई महिनोन्‌महिने पुरायची, पेन्सिल मात्र पंधरवड्यात बोटभर उरायची. दुसऱ्याची चूक दिसली की गुरुजींचा हात आपोआप खिशाकडे जाई, मग ती चूक मुलाच्या वहीत असो, लग्नपत्रिकेत असो, नाहीतर कोणाच्या सुतकाच्या पत्रात असो.

माणूस मूळचा असोद्याचा. उमेदीची वीस वर्षं त्याने साक्रीच्या पुढच्या एका खेड्यात, बोर्डाच्या शाळेत काढली. बायकोही त्याच गावची मिळाली, झुंबरबाई, आणि तिच्या तोंडची अहिराणी कायम राहिली. स्वराज्य आल्यावर वर्षभरात धुळ्यात एक नवं हायस्कूल निघालं, तिथे मराठी शिकवायला अनुभवी माणूस हवा होता, म्हणून गुरुजी बोर्डाची नोकरी सोडून इकडे आले. शाळेच्या मागच्या अंगाला संस्थेने त्यांना राहायला एक खोली दिली. खोलीपुढे कडुनिंब. झुंबरबाईंचे गुडघे धरल्यापासून त्यांचं जग खाटेपासून त्या निंबापर्यंत उरलं होतं, आणि तेवढ्यात त्या सुखी होत्या.

गुरुजींचा जीव मराठीत होता, आणि मराठीतही पत्रलेखनात, आणि पत्रलेखनातही मायन्यात. ‘‘पत्रात मजकूर कोणीही लिहील,’’ ते वर्गात म्हणत, ‘‘माणूस ओळखायचा तो मायन्यावरून.’’ मग फळ्यावर झरझर लिहीत. जन्मदात्या आईबापांना ‘तीर्थरूप’. त्यांच्या जागी मानलेल्या वडीलधाऱ्याला, गुरूला, ‘तीर्थस्वरूप’. वडिलांना ‘सा. न. वि. वि.’, म्हणजे साष्टांग नमस्कार. बरोबरीच्या माणसाला, एका कचेरीत काम करणाऱ्याला, ‘रा. रा.’ आणि ‘स. न. वि. वि.’, म्हणजे सप्रेम नमस्कार. धाकट्याला ‘चिरंजीव’ आणि ‘अनेक आशीर्वाद’. वडिलांना ‘यांचे सेवेशी’, बरोबरीच्याला ‘यांस’, धाकट्याला ‘यास’. ‘‘स आणि सा,’’ ते खडू आपटून सांगत, ‘‘फरक एका कान्याचा. पण त्या कान्यावर ठरतं, लिहिणारा ताठ उभा आहे की जमिनीवर पालथा पडलाय.’’

हे सगळं बरोबरच होतं. गुरुजींचं शिकवणं कधी चुकलं नाही. चुकायचं ते दुसरंच काही, आणि ते त्यांना कधी दिसलं नाही. शेजारच्या भिकुबाईंचा नवरा गेला. चौदाव्या दिवशी त्यांनी माहेरी लिहिलेलं पत्र गुरुजींकडे तपासायला आणलं. हाताच्या सवयीने बाईंनी खाली ‘सौ. भिकुबाई’ अशी सही केली होती. गुरुजींनी लाल पेन्सिलीने ‘सौ.’वर काट मारली आणि म्हणाले, ‘‘आता हे अक्षर लावता येत नाही.’’ भिकुबाई त्या लाल रेघेकडे बराच वेळ पाहत उभ्या राहिल्या. गुरुजींना वाटलं, बाईंना नियम पटला.

त्यांच्या मायन्याच्या धड्यात एक गोष्ट ठरलेली असे. बोर्डाच्या शाळेतली, खरी घडलेली. ‘‘एक पोर होतं,’’ गुरुजी सुरुवात करत. ‘‘वर्गाला सांगितलं, वडिलांना पत्र लिहा. तर या बहाद्दराने चक्क गावच्या पाटलांना लिहिलं, आणि मायना काय, तर तीर्थरूप! मी त्याला उभा केला. म्हटलं, का रे, तीर्थरूप म्हणजे जन्मदाता. पाटलांना तीर्थरूप लिहितोस, ते आईला विचारून आलास का?’’ इथे वर्ग फुटत असे. मोठी मुलं लवकर हसत, लहान मुलं त्यांच्याकडे बघून हसत. ‘‘आता सांगा, काय राहिलं होतं?’’ गुरुजी विचारत, आणि सगळा वर्ग ओरडे, ‘‘स्व!’’ पंचवीस वर्षं ही गोष्ट सांगून सांगून गुळगुळीत झाली होती. त्या पोराचा चेहरा, नाव, सगळं झिजून गेलं होतं. गुरुजींच्या लेखी ते नुसतं एक बावळट पोर होतं.

छप्पन सालच्या जूनमध्ये हायस्कूलला नवे हेडमास्तर आले, तोताराम देवरे. बी. ए., बी. टी., वय चौतीस, इस्त्रीचा शर्ट आणि फार हळू आवाज. पहिल्याच दिवशी शिक्षकांच्या खोलीत त्यांनी सगळ्यांसमोर वाकून गुरुजींच्या पायांना हात लावला. ‘‘मी आपल्या बोर्डाच्या शाळेतला,’’ ते म्हणाले. गुरुजींना भरून आलं. घरी येऊन त्यांनी झुंबरबाईंना सांगितलं, ‘‘माझ्या हाताखालचा पोरगा माझा हेडमास्तर झाला. ह्याहून शिक्षकाला काय पाहिजे?’’ बोर्डाच्या शाळेत एकेका वर्गात चाळीस पोरं असत आणि देवरे आडनावाची त्यातली निम्मी. हा नेमका कुठला, ते गुरुजींना आठवेना. पण हुशार असणार असं ते धरून चालले आणि दोन दिवसांत त्यांना तसं आठवूही लागलं.

दुसऱ्या वर्षी सप्टेंबरात आठवीच्या वर्गात मायन्याचा धडा चालला होता. गोष्ट सांगून झाली, वर्ग हसला, ‘स्व’ ओरडून झाला. गुरुजी वळले तर दारात हेडमास्तर उभे. कधीपासून उभे होते कोण जाणे.

‘‘मग त्या मुलाचं पुढे काय झालं, गुरुजी?’’ हेडमास्तरांनी विचारलं.

‘‘काय व्हायचंय?’’ गुरुजी रंगात होते. ‘‘कुठेतरी ढोरं राखत असेल.’’

वर्ग पुन्हा हसला. हेडमास्तरही किंचित हसले आणि पुढच्या वर्गाकडे निघून गेले.

त्या वर्षी डिसेंबरात गुरुजींना अठ्ठावन्न पुरी होत होती. संस्थेचा नियम असा की अठ्ठावन्नला घरी बसायचं, पण हेडमास्तरांनी शिफारस केली तर समिती दोन वर्षांची मुदतवाढ देई. नोकरी गेली तर खोली जाणार होती. असोद्याच्या घरात गुरुजींच्या वाट्याला जी खोली होती तिथे थोरल्या भावाने म्हशी बांधल्या होत्या. झुंबरबाईंना तिथे न्यायचं म्हणजे म्हशींच्या शेजारी खाट टाकायची. शिवाय गुरुजींना वर्गाशिवाय सकाळी उठायचं कशासाठी हेच ठाऊक नव्हतं. सगळं त्या दोन वर्षांवर येऊन ठेपलं होतं. दोन वर्षांत काहीतरी सोय लागेल, असं ते स्वतःला समजावत.

रीत अशी होती की शिक्षकाने हेडमास्तरांना पत्र लिहायचं, आणि हेडमास्तरांनी आपल्या शेऱ्यासह ते समितीचे अध्यक्ष कौतिकराव वकील यांच्याकडे धाडायचं. कौतिकराव अठ्ठ्याहत्तर वर्षांचे, गाव त्यांना आबा म्हणे. जुन्या वळणाचा माणूस. पत्रात अनुस्वार चुकला तरी चष्मा काढून ठेवी.

गुरुजींनी पत्र लिहायला घेतलं आणि झरणी मायन्यावरच थांबली. अध्यक्षांना लिहायचं असतं तर प्रश्न नव्हता, वयाने वडील, ‘तीर्थस्वरूप आबा यांचे सेवेशी’. पण हेडमास्तर वयाने मुलासारखा, नात्याने शिष्य, आणि हुद्द्याने वर. अशा माणसाला काय लिहायचं हे गुरुजींनी आजवर कोणत्याच फळ्यावर लिहिलं नव्हतं. खूप विचार करून त्यांनी मधला रस्ता काढला. कचेरीचं पत्र आहे, एका शाळेत दोघं काम करतो, म्हणजे सहकारी. ‘रा. रा. तोताराम देवरे, मुख्याध्यापक, यांस स. न. वि. वि.’ मजकुरात ‘आपण’, शेवटी ‘कळावे, लोभ असावा ही विनंती.’ कोणी बोट ठेवू शकणार नाही असं पत्र होतं ते.

तिसऱ्या दिवशी शिपाई भटूने गुरुजींना बोलावून नेलं. हेडमास्तरांच्या मेजावर पत्र होतं. ‘स. न.’खाली एक लाल रेघ.

‘‘गुरुजी, बसा ना,’’ हेडमास्तर उठून उभे राहत म्हणाले. ‘‘मजकूर उत्तम आहे. मायना तेवढा पुन्हा पाहावा.’’

‘‘काय चुकलंय त्यात?’’

‘‘मी आपल्याला सांगू?’’ हेडमास्तर हळूच म्हणाले. ‘‘आपणच आम्हाला शिकवलंत. लिहिणारा आणि वाचणारा ह्यांचं नातं पाहून लिहावं. दुसरं पत्र आणून द्या, हे राहू द्या माझ्याकडे.’’

गुरुजी घरी आले ते हरखूनच. पोराला सहकारी म्हटल्याचं लागलं म्हणायचं! पाया पडणारा मुलगा तो, त्याला ‘रा. रा.’ म्हणून लांब लोटायचं? झुंबरबाई खाटेवरून म्हणाल्या, ‘‘काय व्हयनं? आज तोंडवर हासू काबर शे?’’ ‘‘पोरगं मायेचं आहे,’’ गुरुजी म्हणाले आणि लिहायला बसले. ‘चिरंजीव तोताराम यास अनेक आशीर्वाद विशेष.’ हुद्दा गाळला. मजकुरात ‘आपण’चा ‘तू’ केला. ‘तू समितीस शिफारस करावीस.’ शेवटी ‘कळावे, हे आशीर्वाद.’ कितीतरी दिवसांत इतकं मनापासून पत्र त्यांनी लिहिलं नव्हतं.

ते पत्र हेडमास्तरांनी मधल्या सुट्टीत शिक्षकांच्या खोलीत आणलं. अकरा जण डबे उघडून बसले होते. हेडमास्तर दारातच थांबले आणि त्याच हळू आवाजात म्हणाले, ‘‘गुरुजी, आशीर्वाद पोचले. पण हे दप्तरी लावायचं पत्र आहे. शाळेचा मुख्याध्यापक चिरंजीव, आणि त्याला ‘तू शिफारस करावीस’? उद्या इन्स्पेक्टर फाईल बघतील तेव्हा मी काय सांगू?’’

कोणीतरी भाकरीचा तुकडा तोंडात तसाच धरून हसू दाबलं. गुरुजींचे कान तापले. आपण वर्गात कितीदा असं कोणाचं पत्र वर धरून वाचलं असेल, ते त्यांच्या मनात आलं नाही. माणसाला स्वतःचा चिमटा कधी आठवत नाही.

‘‘सहकाऱ्याचा नको, धाकट्याचा नको,’’ ते कसेबसे म्हणाले. ‘‘मग राहिलं काय?’’

‘‘तीनच तर प्रकार आपण शिकवलेत,’’ हेडमास्तर म्हणाले. ‘‘आणि समितीची बैठक सोमवारी आहे. घाई नाही, पण सोमवारी आहे.’’

त्या संध्याकाळी गुरुजींनी पहिल्या पत्रासारखाच कागद घेतला, तोच मजकूर उतरवला, फक्त ‘यांस’च्या जागी ‘यांचे सेवेशी’ लिहिलं आणि ‘स’ला एक काना दिला. सा. न. वि. वि. खाली ‘आपला आज्ञाधारक’. अठ्ठावन्न वर्षांच्या गुरूने पस्तीस वर्षांच्या शिष्याला साष्टांग घातला. कान्याची रेघ जरा वाकडी आली. झुंबरबाईंनी विचारलं, ‘‘लिखायी गयं का?’’ ‘‘झालं,’’ ते म्हणाले. निंबाखाली झुंबरबाईंची काठी पडली होती, ती त्यांनी उचलून खाटेला टेकवून ठेवली. एवढ्यासाठी एक काना दिला तर काय बिघडलं, असं त्यांनी स्वतःला विचारलं, आणि उत्तर ऐकायच्या आत दिवा मालवला.

हेडमास्तरांनी पत्र घेतलं, मायना वाचला, मान डोलावली आणि फाईलीत ठेवलं. ‘‘आता झालं,’’ ते म्हणाले.

सोमवारी समितीने गुरुजींना आत बोलावलं. लांब मेजाच्या टोकाला आबा, बाजूला चार सभासद, आणि कोपऱ्यात फाईल घेऊन हेडमास्तर. आबांच्या पुढ्यात एक पत्र नव्हतं, तिन्ही होती. ओळीने मांडलेली.

‘‘गुरुजी,’’ आबा म्हणाले, ‘‘ही तिन्ही पत्रं तुमचीच?’’

‘‘माझीच.’’

‘‘तिन्ही एकाच माणसाला?’’

‘‘हो.’’

‘‘आठ दिवसांत?’’

गुरुजींनी हेडमास्तरांकडे पाहिलं. हेडमास्तर खाली फाईलीकडे पाहत होते.

‘‘मी फार वाट पाहिली, आबा,’’ हेडमास्तर म्हणाले, आणि त्यांच्या आवाजात खरोखरच दुःख होतं, निदान सभासदांना तसं ऐकू आलं. ‘‘गुरुजी माझे गुरू. त्यांच्याविरुद्ध लिहायला हात धजत नाही. पण मुलांचं नुकसान होतं. पहिल्या पत्रात मी सहकारी, दुसऱ्यात मी धाकटा, तिसऱ्यात मी वडील. गुरूने शिष्याला साष्टांग नमस्कार लिहिलाय. मायना शिकवणाराच माणूस समोर कोण आहे ते ओळखेनासा झाला, तर आठवीला आम्ही काय शिकवायचं?’’

‘‘पण मला त्यांनीच—’’ गुरुजी बोलू लागले.

‘‘मी काय सांगितलं, गुरुजी?’’ हेडमास्तरांनी विचारलं. ‘‘साष्टांग लिहा, असं सांगितलं?’’

गुरुजींना तसं म्हणता येईना. तसं कोणी सांगितलंच नव्हतं. एक लाल रेघ होती, आणि ‘नातं पाहून लिहावं’ एवढे शब्द. चूक दाखवावी, उत्तर सांगू नये, मुलाने ते स्वतः शोधावं. ही गुरुजींचीच पद्धत होती.

आबांनी चष्मा काढून ठेवला. ‘‘धाकट्याला साष्टांग पडलेला माणूस मी आजवर पाहिला नव्हता,’’ ते म्हणाले. मग त्यांचा आवाज मवाळ झाला, आणि तो मवाळपणाच सगळ्यात वाईट होता. ‘‘वय झालं, गुरुजी. होतं असं. माझ्या थोरल्या भावाचंही असंच झालं होतं, सुनेला आई म्हणायचा. तुम्ही आता आराम करा.’’ एका सभासदाने उठून गुरुजींना हाताला धरून दारापर्यंत पोचवलं, जशी वाट चुकलेल्या म्हाताऱ्याला पोचवतात. बाहेर भटू शिपायानेही त्यांना पायरी दाखवली. तीच पायरी ते नऊ वर्षं उतरत होते.

चौथ्या दिवशी भटू एक लिफाफा घेऊन खोलीवर आला. गुरुजींनी तो झुंबरबाईंच्या खाटेशी बसून उघडला. हेडमास्तरांचं मोत्यासारखं अक्षर होतं. त्यांनी मोठ्याने वाचलं, ‘‘तीर्थस्वरूप शालिग्राम गुरुजी यांचे सेवेशी, बालक तोताराम याचा कृतानेक शिरसाष्टांग नमस्कार विनंती विशेष. समितीने आपणांस मुदतवाढ न देण्याचा निर्णय घेतला आहे. खोली तीस तारखेपर्यंत मोकळी करून देण्याची कृपा व्हावी. आपल्या शिकवणुकीचा मी आजन्म ऋणी आहे. कळावे, आपला आज्ञाधारक.’’

झुंबरबाईंनी शेवटपर्यंत ऐकलं. मग म्हणाल्या, ‘‘घर लिन्हं, पन मान केवढा राखा पोऱ्यानी.’’

गुरुजी ऐकत नव्हते. त्यांची नजर मायन्यावर खिळली होती. सगळं पत्र निळ्या शाईत होतं, फक्त ‘तीर्थस्वरूप’मधल्या एका अक्षराखाली लाल पेन्सिलीच्या दोन रेघा होत्या. ‘स्व’खाली.

‘‘हाऊ तानुबाईना तोताराम ना?’’ झुंबरबाई म्हणाल्या.

‘‘कोण तानुबाई?’’

‘‘आमना गावनी. छगन पाटीलना घर भाकरी थापे. हाऊ पोटमा व्हता तव्हय नवरा मरी गया तिना. पाटीलनी पोऱ्याले शाळामा घालं, पाटी लयी दिन्ही.’’ त्यांनी गुडघा चोळला. ‘‘तुमी त्याले वर्गमा बोलनात, ते पोऱ्यास्नी घर घर सांगं. मंग पाणीवर बाया तानुबाईले तीर्थरूप म्हनेत. पाटीलनी बायकोनी तिले दारमा उभं राहू दिन्हं नही. ती पोऱ्याले लयीसन रातोरात गाव सोडी गयी.’’

गुरुजींच्या हातातला कागद खाली आला. ‘‘हे तू मला कधी सांगितलं नाहीस.’’

‘‘तुमी दर साल ती गोट सांगीसन हासतस,’’ झुंबरबाई म्हणाल्या. त्यांच्या बोलण्यात राग नव्हता, नुसतं नवल होतं. ‘‘माले वाटनं, तुमले ठाऊक शे.’’

गुरुजींनी खिशातली लाल पेन्सिल काढली आणि पत्र पहिल्या अक्षरापासून शेवटच्या अक्षरापर्यंत तपासलं. का तपासलं ते त्यांनाही सांगता आलं नसतं. ऱ्हस्व-दीर्घ ठीक होतं, अनुस्वार जागच्या जागी होते, ‘यांचे सेवेशी’ला ‘बालक’ जुळत होतं. पत्रात एकही चूक नव्हती. पेन्सिल टेकवायला जागाच नव्हती.

मग असोद्याला थोरल्या भावाला लिहायचं होतं, की म्हशी दुसरीकडे बांध, आम्ही येतो आहोत. गुरुजींनी कागद मांडीवर घेतला, वर ‘श्री’ लिहिलं, त्याखाली ‘तीर्थ’ लिहिलं आणि थांबले. आयुष्यभर त्यांनी भावाला पत्रं लिहिली होती, दोनशे तरी लिहिली असतील. रूप की स्वरूप, हे त्यांना काही केल्या आठवेना. त्यांना तानुबाईंचा चेहराही आठवेना, तो तर त्यांनी कधी पाहिलाच नव्हता. झरणीच्या टोकावरची शाई वाळली. निंबाची सावली खाटेवरून खाली उतरली.

‘‘लिखं का?’’ झुंबरबाईंनी विचारलं.

‘‘लिहितो,’’ गुरुजी म्हणाले, आणि कागदाकडे बघत बसून राहिले.